कर्ममेळ्याचा शेवटचा चरण

देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणाराजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव, असे परंपरा मानते. चोखोबांची बहीण निर्मळा आणि तिचा नवरा बंका यांचे नावही याच मेहुणपुरीशी जोडले जाते. चोखोबा, त्यांची पत्नी सोयराबाई, निर्मळा, बंका आणि मुलगा कर्ममेळा, अशा एकाच घरातल्या पाच जणांनी अभंग रचले. ते सकल संतगाथेत एकामागोमाग छापलेले आहेत. चोखोबांचे अभंग पुष्कळ, सोयराबाईंचे त्याहून कमी आणि कर्ममेळ्याच्या नावावर अगदी मोजके. त्या मोजक्यांतला एक चार ओव्यांचा लहानसा अभंग हा या लेखाचा विषय आहे. त्याचा शेवट प्रश्नाने होतो, आणि त्या प्रश्नाला गाणे उत्तर देत नाही.

गाणे प्रश्नावर सोडून देण्याची हौस आजकाल फार दिसते. कविसंमेलनात, गीतमैफलीत, शाळेच्या स्नेहसंमेलनातसुद्धा शेवटच्या ओळीला प्रश्नचिन्ह असले की काहीतरी खोल घडले असे वाटते. मीही अशी गाणी लिहिली आहेत, त्यांतल्या एकाची गोष्ट पुढे सांगणार आहे. हा शेवट कधी साधतो आणि कधी नुसताच लटकत राहतो हे ओळखायचे असेल, तर चोखोबांच्या घरातलेच तीन-चार अभंग शेजारी ठेवून वाचावेत असे मला वाटते. घर एक, दुःख एक, देव एक, आणि प्रश्नाची जागा मात्र प्रत्येकाची निराळी.

अभंगाची बांधणी आधी थोडी पाहू, कारण शेवटाचा सगळा खेळ तिच्यावर आहे. थोरल्या अभंगात प्रत्येक ओवीचे चार तुकडे असतात. पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. यमक साधारणपणे दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात येते, चौथा आखूड तुकडा यमकावाचून येतो आणि दार ओढून घ्यावे तसा बसतो. धाकट्या अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण असतात आणि ते एकमेकांशी यमक जुळवतात. दोन्ही प्रकारांत शेवटच्या ओवीत कवीची नाममुद्रा येते: अमका म्हणे. ही मुद्रा म्हणजे कागदाखालची सही. सहीच्या जागेवर माणूस सहसा ठरवून टाकलेले सांगतो. काय कळले, काय मागायचे, काय सोडले, ते तिथे येते. म्हणजे अभंगाचा घाटच मुळात शेवट बंद करणारा आहे. त्या घाटात प्रश्नावर संपणे हे मुक्तछंदात प्रश्नावर संपण्याइतके सोपे नाही.

चोखोबांचा सर्वांत प्रसिद्ध अभंग उसाच्या दाखल्याचा. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, नदी वळणाची असली तरी पाणी वळणाचे नसते, धनुष्य वाकले तरी बाण सरळ जातो, तसा मी वरून कसाही असलो तरी माझा भाव वाकडा नाही, हा त्याचा आशय. त्याच्या ध्रुवपदात, वरच्या रंगाला भुलणाऱ्याला उद्देशून, प्रश्न आहे. गाताना दर ओवीनंतर ध्रुवपदाकडे परतायचे असते, त्यामुळे हे गाणे संपतेही त्याच प्रश्नावर. पण तो प्रश्न मोकळा नाही. त्याचे उत्तर ऊस, नदी आणि धनुष्याने आधीच दिलेले आहे, ऐकणाऱ्याने फक्त मान डोलवायची आहे. हा प्रश्नाच्या वेशातला निर्णय आहे. आणि तो तसाच असायला हवा होता, कारण या अभंगाला समोरच्याला पेचात टाकायचे नाही, त्याला पटवायचे आहे. सांगायचे एवढेच की वाक्याच्या शेवटी प्रश्न असला म्हणून गाणे उघडे राहतेच असे नाही. आपल्याकडे ही गल्लत नेहमी होते.

चोखोबांच्या दुसऱ्या एका अभंगात प्रश्न खराखुरा आहे. लोक मला हीन म्हणतात, दूर हो म्हणतात, माझा हात लागला तर पाणी शिंपडून शुद्ध होतात, मग देवा, तुझी सेवा मी कशी करू, तुला कोणत्या रीतीने भेटू? या प्रश्नांना उत्तर नाही, चोखोबांपाशीही नाही. पण ते अभंगाच्या सुरुवातीला आणि मध्यावर येतात. शेवटी, सहीच्या जागेवर, चोखोबा गोविंदाची करुणा भाकतात. म्हणजे प्रश्न विचारून झाल्यावर ते हात जोडतात. गाणे उत्तरावर संपत नाही, पण विनवणीवर संपते, आणि विनवणी हाही एक विसावा असतो. ऐकणाऱ्याच्या छातीवरचा भार थोडा खाली उतरतो.

आणि चोखोबांचा आणखी एक अभंग आहे, तो फार कमी गायला जातो. त्यात चोखोबांनी स्वतःच्या जन्माचे कारण सांगितले आहे. पूर्वजन्मी आपण नीळ होतो, तेव्हा आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा जन्म मिळाला. आपल्या वाट्याला आलेला विटाळ हे पूर्वीचे फळ आहे, आणि हे वाक्य त्यांनी सहीच्या जागेवर ठेवले आहे. गाणे पूर्णपणे बंद झाले. का, या प्रश्नाला उत्तर मिळाले, आणि ते उत्तर देणारा स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. विसाव्या शतकात दलित वाचकांचा चोखोबांवर जो रोष झाला, तो मुख्यतः या उत्तरावर. तो समजण्यासारखा आहे. दुसऱ्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अस्पृश्यांच्या उगमावरचा आपला १९४८चा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला, त्यांत नंदनार आणि रविदास यांच्यासोबत चोखामेळा आहेत.

सोयराबाईंचा देहाच्या विटाळावरचा अभंग याच्या अगदी उलट टोकाला आहे. तो थोरला अभंग आहे आणि त्याची चाल वकिली युक्तिवादाची आहे. सगळे म्हणतात देहाला विटाळ आहे, आत्मा मात्र शुद्ध. पण विटाळ तर देहातच जन्मला, मग यात सोवळा झाला तो कोण? विटाळावाचून ज्याची उत्पत्ती झाली असा देह जगात आहे का? हे प्रश्न मधल्या ओव्यांत येतात. शेवटी बाई निर्णय देतात की देहाचा विटाळ देहातच आहे, हे निश्चित. खाली सही, आणि सहीत आपली जात आणि आपण चोखोबांची बायको असल्याचा उल्लेख. चार अक्षरांचा आखूड शेवटचा तुकडा इथे न्यायाधीशाच्या हातोड्यासारखा पडतो.

समजा, हाच अभंग मधल्या प्रश्नावर संपला असता तर? सोवळा तो कोण, असे विचारून बाई थांबल्या असत्या तर आजच्या संपादकाला तो शेवट अधिक धारदार वाटला असता. मला वाटते, तो कमकुवत झाला असता. कारण बाईंपाशी उत्तर होते. ते त्यांनी पायरी-पायरीने मिळवले होते, पुरावा मांडला होता. एवढे करून निकाल न वाचता उठून जाणे म्हणजे खोटा विनय. उत्तर हातात असताना प्रश्नावर थांबणे हा या प्रकारातला पहिला दोष आहे, आणि तो ओळखायची खूण सोपी आहे. शेवटच्या प्रश्नाच्या जागी त्याचे उत्तर लिहून पाहायचे. गाण्यात आधी आलेल्या सामग्रीतूनच ते उत्तर सरळ लिहिता आले, आणि लिहिल्यावर गाणे अधिक भरीव झाले, तर प्रश्न केवळ शोभेचा होता.

आता कर्ममेळा. त्याचा अभंग धाकटा आहे, चार ओव्या, आठ चरण. त्याचे शब्द इथे देत नाही, वाचकांनी गाथेत पाहावेत. ओघ असा आहे. आमची जात हीन केली गेली, हे श्रीपती, तुला कसे कळत नाही? उष्टे खाता खाता जन्म गेला, तुमच्या मनाला लाज कशी वाटत नाही? आमच्या घरचा दहीभात खाऊन आता नाही कसे म्हणतोस? आणि मग सही: चोखोबांचा कर्ममेळा म्हणतो, मला जन्म तरी कशाला दिलास?

सगळा अभंग प्रश्नांचा आहे, तेव्हा शेवटचा प्रश्न आधीच्या तिघांत हरवून जाण्याचा धोका होता. तो हरवत नाही, याचे कारण प्रश्नांची जात बदलत जाते. पहिला प्रश्न कळण्याचा आहे. त्याला देव म्हणू शकतो, कळते रे बाबा. दुसरा लाजेचा आहे. त्यालाही उत्तर शक्य आहे, लाज वाटते म्हणावे किंवा मान खाली घालावी. तिसरा व्यवहाराचा आहे, खाल्ल्या अन्नाचा. यामागे विठ्ठल चोखोबांच्या घरी जेवायला बसल्याची आणि सोयराबाईंनी वाढताना दही सांडल्याची कथा आहे. ज्याच्या घरी जेवलो त्याला ओळख नाकारायची नाही, हा गावगाड्यातला साधा नियम देवालाही लागू करून मुलगा त्याला बांधून घेतो. इथपर्यंत देवाला पळवाट होती, तिसऱ्या ओवीत ती बंद झाली. आणि मग चौथा प्रश्न येतो, ज्याला होय किंवा नाही म्हणून सुटता येत नाही, मान खाली घालूनही भागत नाही.

दुसरी गोष्ट अगदी लहान आहे, पण मला तीच सर्वांत मोठी वाटते. पहिल्या ओवीत कर्ममेळा ‘आमची’ म्हणतो, तिसऱ्या ओवीत ‘आमचे घरी’ म्हणतो. जात सगळ्यांची, घर सगळ्यांचे. शेवटच्या चरणात तो ‘मला’ म्हणतो. समूहाची तक्रार करता करता तो एकटा उरतो. आणि हे ‘मला’ यमकाच्या जागी आहे, त्याच्याच नावाच्या शेवटाशी जुळणारे. धाकट्या अभंगात यमक कानाला सांगते की ओळ पूर्ण झाली, आता काही उरले नाही. कान समाधान पावतो आणि नेमक्या त्याच क्षणी अर्थ उघडा पडतो. नाद मिटतो आणि प्रश्न तसाच राहतो. मोकळ्या शेवटाचे गाणे बांधणाऱ्याने हे नीट पाहावे. अर्थ उघडा ठेवायचा असेल तर ओळीचा घाट ढिला करायचा नसतो, उलट तो घट्ट आवळायचा असतो. दोन्ही एकदम सैल सोडले की ऐकणाऱ्याला वाटते, गाणारा ओळ विसरला.

तिसरी गोष्ट सहीची. कर्ममेळा नुसते आपले नाव घालत नाही, चोखोबांचा कर्ममेळा म्हणून सही करतो. म्हणजे ज्या ओवीत तो जन्माचे कारण विचारतो त्याच ओवीत बापाला उभे करतो. आणि बापाने तर जन्माचे कारण सांगून ठेवलेले आहे: पूर्वीचे फळ. घरात ते उत्तर उपलब्ध होते, मुलाच्या कानावर ते गेले नसेल असे मानणे कठीण आहे. तरी तो विचारतो. म्हणून हा प्रश्न अज्ञानाचा नाही. मिळालेले उत्तर नाकारल्यानंतर जो प्रश्न उरतो, तो हा आहे. बापाला दूषण न देता, त्याचेच नाव घेऊन, मुलाने त्याचे उत्तर परत केले आहे. माझ्या मते या अभंगाच्या उघड्या शेवटाचे बळ इथे आहे. ज्याने उत्तर ऐकलेलेच नाही त्याच्या प्रश्नाला हे वजन येत नाही.

आणि प्रश्न कोणाला विचारला आहे, हेही पाहावे. परंपरेत एक कथा सांगतात. सोयराबाईंचे दिवस भरले असताना चोखोबा घर सोडून मेहुणपुरीला बहिणीकडे निघून गेले. घरात कोणी नाही, कळा सुरू झालेल्या. तेव्हा विठ्ठल निर्मळेचे रूप घेऊन, नणंद म्हणून आला आणि त्याने बाळंतपण केले. जन्मलेले बाळ म्हणजे कर्ममेळा. कथा कथाच आहे, इतिहास म्हणून मी ती सांगत नाही. पण अभंग ऐकणाऱ्या वारकऱ्याला ती ठाऊक असते, आणि ती ठाऊक असताना शेवटचा चरण ऐकला की अंगावर काटा येतो. जन्म कशाला दिलास, हे ज्याला विचारले जात आहे त्याने या मुलाला स्वतःच्या हातांनी जगात आणले आहे. उपकाराची गोष्ट क्षणात आरोपाची होते. प्रश्नाला इतका नेमका पत्ता असलेले दुसरे गाणे मला मराठीत चटकन आठवत नाही.

*

माझे गाणे आता सांगून टाकतो. तीस वर्षांपूर्वी कपाशीच्या भावावर आणि कर्जावर एक गीत लिहिले होते. चार कडवी, पहिल्यात पेरणी, दुसऱ्यात बोंडअळी, तिसऱ्यात बाजार, चौथ्यात आडव्या पडलेल्या माणसाचे घर, आणि शेवटच्या ओळीत, याला जबाबदार कोण, अशा अर्थाचा प्रश्न. तालुक्याच्या एका कार्यक्रमात म्हटले, टाळ्या भरपूर पडल्या. खाली उतरलो तर मागच्या रांगेतले एक म्हातारे शेतकरी जवळ आले आणि म्हणाले, “गानं चांगलं हाय भाऊ. पन तुले खरंच मालूम नाही का, कोन ते?” मला उत्तर देता आले नाही. मला माहीत होते, त्यांना माहीत होते, मांडवातल्या सगळ्यांना माहीत होते. आम्ही सगळे मिळून न माहीत असल्याचा खेळ खेळलो होतो आणि टाळ्या त्या खेळाला पडल्या होत्या.

आज ते गाणे कर्ममेळ्याच्या अभंगाशेजारी ठेवले की दोष स्पष्ट दिसतात. पहिला, पत्ता नाही. प्रश्न मांडवाच्या छताला विचारलेला आहे. दुसरा, आधीच्या तीन कडव्यांनी कोणालाही बांधून घेतलेले नाही. कर्ममेळ्याने तिसऱ्या ओवीत दहीभाताची आठवण देऊन देवाला जसा अडवला, तसा माझ्या गाण्यात कोणी अडत नाही. पाऊस, अळी, बाजार हे एकापाठोपाठ येतात आणि जातात, त्यांतले कोणीच आमच्या घरी जेवलेले नाही. तिसरा आणि सर्वांत वाईट म्हणजे, मला उत्तर माहीत होते आणि ते बोलायचे धैर्य नव्हते. धैर्य कमी पडले की प्रश्नचिन्ह फार उपयोगी पडते. सोयराबाईंनी जे केले ते मला करायला हवे होते: पुरावा मांडून निकाल वाचायचा.

हे तीनही दोष एका युक्तीने उघडे पडतात. गाणे म्हणून झाल्यावर कोणीतरी उठून, ज्याला विचारले आहे त्याच्या वतीने उत्तर द्यावे, असे कल्पायचे. माझ्या गाण्याच्या वतीने कोण उठणार? कोणीच नाही, कारण कोणाला हाकच मारलेली नाही. कर्ममेळ्याच्या अभंगात उठावे लागेल विटेवरच्याला, आणि तो काय म्हणेल हे कल्पायला गेलो की आपल्यालाच घाम फुटतो. उत्तर कल्पिता येऊ नये, पण उत्तर देणारा मात्र डोळ्यासमोर यावा, अशी ही जागा आहे.

*

इथवर कागदावरचे झाले. अभंग गायला लागल्यावर दुसरी अडचण येते, आणि ती कवीच्या हातात नसते.

भजनात दर ओवीनंतर टाळकरी ध्रुवपद उचलतात. शेवटची ओवी झाली तरी गाणे तिथे थांबत नाही. ध्रुवपद परत येते, लय चढते, आणि चढत्या लयीतून मंडळी विठोबा-रखुमाईच्या गजरात जातात. पेटीवाला षड्जावर येऊन टेकतो, पखवाजवाला तिहाई देतो. तिहाईचे कामच मुळी संपले हे सांगण्याचे, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे. चाल षड्जावर आली की कानाला घरी पोचल्याची खात्री पटते. म्हणजे कवीने उघडी ठेवलेली ओळ ध्रुवपद, गजर, तिहाई आणि षड्ज असे चौघे मिळून बंद करतात. कर्ममेळ्याचा प्रश्न विचारून होतो न होतो तोच ज्याला विचारला त्याचा जयजयकार सुरू होतो.

कीर्तनात तर आणखी वेगळे होते. वारकरी कीर्तनकार एक अभंग निरूपणाला घेतो आणि चरणाचरणाने उलगडतो. हा अभंग कीर्तनाला क्वचितच घेतला जातो. एका सप्ताहात मी तो ऐकला तेव्हा शेवटच्या चरणावर बुवांनी अर्धा तास निरूपण केले आणि सगळा वेळ उत्तर देण्यात घालवला: जन्म कर्माने मिळतो, संताच्या पोटी जन्म हे तर भाग्य, देवाने दिले ते भल्यासाठी. रसाळ बोलले, बायाबापड्यांचे डोळे पाणावले. पण मुलाने परत केलेले बापाचे उत्तर बुवांनी पुन्हा मुलाच्याच पदरात टाकले होते. बुवांना दोष देत नाही. कीर्तनाची बैठकच समाधानासाठी असते, उत्तरपक्ष मांडल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. एवढेच म्हणतो की काही गाणी काही बैठकींत बसत नाहीत, आणि तिथे ती बसवली की गाण्याची हानी होते.

ही अडचण ज्याने बांधणीतच सोडवली असा एक माणूस म्हणजे वामनदादा कर्डक. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले आणि २००४ साली गेलेले हे लोककवी. त्यांच्या एका प्रसिद्ध गाण्यात देशातल्या बड्या उद्योगपतींची नावे घेऊन, धनाच्या साठ्यात आमचा वाटा कुठे आहे, असे विचारले आहे. बुद्धजयंतीला, आंबेडकर जयंतीला आमच्या जिल्ह्यात ते आजही म्हटले जाते. वामनदादांनी प्रश्न शेवटच्या कडव्यात ठेवला नाही, ध्रुवपदातच ठेवला. त्यामुळे गाणे जितक्या वेळा घरी परतते तितक्या वेळा ते प्रश्नाकडेच परतते. कोरस ध्रुवपद उचलतो तेव्हा प्रश्न बुजत नाही, दहा तोंडांनी विचारला जातो. ढोलकीची तिहाई आली तरी ती प्रश्नावरच येते. चोखोबांच्या उसाच्या अभंगातही प्रश्न ध्रुवपदातच होता, पण तिथे कडवी त्याचे उत्तर देत होती. इथे कडवी उत्तर देत नाहीत, प्रश्नाची थकबाकी वाढवत नेतात. जागा तीच, परिणाम उलटा.

पत्ताही बदलला आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. कर्ममेळ्याने विठ्ठलाला विचारले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाला तो पत्ता उरला नव्हता. त्यांनी देवाकडचा अर्ज मागे घेतला आणि माणसांकडे वाटा मागितला. वाटा मागणारा प्रश्न तत्त्वतः सुटणारा असतो, उद्या वाटा दिला तर तो मिटेल. कर्ममेळ्याचा प्रश्न तसा मिटणारा नाही. म्हणून वामनदादांचे गाणे पुन्हा पुन्हा म्हणता येते, मिरवणुकीत म्हणता येते, म्हणताना जोर येतो. कर्ममेळ्याचा अभंग एकदा म्हटला की लगेच दुसऱ्यांदा म्हणवत नाही. एक श्रेष्ठ आणि दुसरे कमी असे मी म्हणत नाही, दोघांची उघड ठेवण्याची रीत निराळी आहे. कोणता प्रश्न ध्रुवपदात घालायचा आणि कोणता शेवटच्या चरणापर्यंत राखून ठेवायचा, याचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

राहिला मुद्दा गाण्याचा. कर्ममेळ्याचा अभंग गायचा तर कसा? दोन वर्षांपूर्वी मेहुणाराजाकडच्या भागातल्या एका भजनी मंडळात हा विषय मी काढला. माझी सूचना अशी होती की शेवटच्या चरणाला टाळ आणि पखवाज थांबवावेत, चरण एकट्याने म्हणावा, चाल षड्जावर न आणता पंचमावर सोडावी, आणि ध्रुवपद परत घेऊ नये. त्यावर वयस्कर विणेकरी बुवा म्हणाले, “भाऊ, नाव न घेता अभंग खाली ठेवाव कसा? गजर तर करावाच लागते.” त्यांचे म्हणणे मला डावलता येत नव्हते. भजन ही काही मैफल नव्हे, आणि गजर हा त्यांच्यासाठी शोभेचा भाग नाही. बराच वेळ बोलणे झाले. एकाने सुचवले, हा अभंग मधेच घ्यावा, शेवटी घेऊच नये. दुसऱ्याने सांगितले, याच्यामागे लगेच सोयराबाईंचा अभंग लावावा, म्हणजे प्रश्नाला आईच बोलेल. सूचना हुशार होती, पण मग शेवट पुन्हा बंदच झाला असता.

शेवटी ठरले ते बुवांनीच सांगितले. शेवटचा चरण पोराने म्हणायचा, मोठ्याने नाही. पखवाज थांबवायचा, फक्त वीणा चालू ठेवायची, कारण वीणा तशीही खाली ठेवत नाहीत. भजनी ठेक्याची चार आवर्तने, म्हणजे बत्तीस मात्रा, कोणी तोंड उघडायचे नाही. मग गजर. पहिल्या रात्री दोनच आवर्तने झाली असतील, मागच्या एका टाळकऱ्याला राहवले नाही आणि त्याने विठ्ठल म्हणून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी चारही झाली. बुवा डोळे मिटून वीणा छेडत होते, आणि चार आवर्तने पुरी झाल्यावरही त्यांनी गजर लगेच उचलला नाही.